फ्लॅश सेलचं कॅप्शन: मोजलेला माल, ठरलेली वेळ आणि खोटी घाई नाही

घरून साड्या विकणाऱ्या ओळखीच्या बायकांची सेलची कॅप्शन्स मी गेली काही वर्षं तपासून देते. चुका जवळजवळ दरवेळी त्याच असतात. ‘फक्त काहीच शिल्लक’ लिहिलेलं असतं, पण कपाटात नेमकं काय आहे ते मोजलेलं नसतं. ‘फक्त आजच’ लिहिलेलं असतं, पण तो आज कुठला, हे दोन दिवसांनी पोस्ट बघणारीला कळत नाही. बहुतेकींचा फसवायचा हेतू नसतो. कॅप्शन आधी लिहिलं जातं आणि बाकीचं नंतर ठरतं, म्हणून हे घडतं. खालचा क्रम नेमका उलटा आहे. यात कॅप्शन पाचव्या टप्प्यावर येतं.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेते: इरकल साड्या, इन्स्टाग्रामवर पोस्ट आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज, सेल शनिवारी, २२ ऑगस्ट २०२६ ला. नेहमीचा भाव १,८५० रुपये, सेलचा १,४८०.

## १. आधी मोजदाद, तीही हाताने

वहीतला किंवा एक्सेलमधला आकडा घेऊ नका. कपाट उघडा, साड्या बाहेर काढा, रंगाप्रमाणे गठ्ठे लावा आणि मोजा. हे सेलच्या आदल्या संध्याकाळी करायचं, आठवडाभर आधी नाही. आठवड्यात दोन-चार साड्या इकडे तिकडे होतातच.

आपल्या उदाहरणात कपाटात ४१ साड्या निघाल्या. हा सेलचा आकडा नव्हे. यातून चार प्रकार बाजूला काढायचे.

चार साड्यांचे पैसे आधीच आलेत, फक्त पाठवायच्या राहिल्यात. त्या गेल्या. दोन साड्यांसाठी कुणाला तरी ‘तुझ्यासाठी ठेवते’ असा शब्द दिलाय. त्याही बाजूला, कारण त्या बाईने उद्या मागितली आणि तुम्ही सेलमध्ये विकून बसलात तर दोघींपैकी एकीला नाही म्हणावं लागेल. तीन साड्यांत दोष आहे: एकीच्या काठाला धागा सुटलाय, दोघींवर घडीचा पिवळा डाग आहे. त्या वेगळ्या, दोष सांगून विकायच्या, या सेलमध्ये मिसळायच्या नाहीत. आणि एक साडी फोटोसाठी इतक्या वेळा उलगडलीये की ती नवी म्हणून देता येणार नाही.

उरल्या ३१. त्यातल्या तीन मी नेहमी राखून ठेवायला सांगते. पार्सलमधून चुकीचा रंग गेला, घडीत आधी न दिसलेला डाग निघाला, तर बदलून द्यायला हाताशी साडी हवी. म्हणून सेलसाठी २८: हिरव्या ९, डाळिंबी ८, जांभळ्या ७, मोरपंखी ४.

या तीन राखीव साड्यांमुळे वाक्यरचना बदलते, ते नीट बघा. ‘आमच्याकडे फक्त २८ उरल्यात’ हे खोटं आहे, तुमच्याकडे ३१ आहेत. ‘या सेलसाठी २८ साड्या ठेवल्या आहेत’ हे खरं आहे. दोन वाक्यांत थोड्याच शब्दांचा फरक, पण पहिलं वाक्य लिहिणारी सेलनंतर दोन दिवसांनी राखीव साडी विकायला काढते, तेव्हा गिऱ्हाईक विचारतं, ‘संपल्या होत्या ना?’ आणि त्यावर उत्तर नसतं.

तपासा: रंगांच्या आकड्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का? ९, ८, ७ आणि ४ मिळून २८. जुळत नसेल तर पुन्हा मोजा, अंदाजाने जुळवू नका.

## २. नेमकं काय कमी आहे, ते एका वाक्यात लिहा

‘मर्यादित’ हा शब्द कॅप्शनमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात ढिलेपणाने वापरला जातो. कागदावर स्वतःसाठी एक वाक्य लिहा: काय मर्यादित आहे? उत्तरं तीनच असू शकतात.

एक, माल. त्या साड्या तेवढ्याच आहेत आणि तशाच पुन्हा येणार नाहीत. दोन, भाव. साड्या पुढेही मिळतील, पण या भावात इतक्याच. तीन, वेळ. माल भरपूर आहे, सूट मात्र ठरलेल्या वेळेपुरती.

आपल्या उदाहरणात विणकराकडून पुढच्या महिन्यात पुन्हा माल येणार आहे. म्हणजे साडी दुर्मिळ नाही. मर्यादित आहे तो भाव, २८ साड्यांपुरता, आणि वेळ. म्हणून ‘पुन्हा मिळणार नाही’, ‘शेवटची संधी’, ‘हा माल परत येणार नाही’ यातलं काहीही लिहिता येत नाही. ‘या भावात २८’ लिहिता येतं.

माल खरोखर परत येणार नसेल तर तेही लिहा, पण कारणासकट: ‘हा डाळिंबी रंग विणकराने बंद केलाय, या आठ शेवटच्या.’ कारण सांगता येत नसेल तर समजा की ती टंचाई तुमच्या डोक्यातली आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे: माल आहे त्यापेक्षा कमी असल्याचं भासवणं, खोटी मागणी दाखवणं, वेळेचा खोटा दाब आणणं. या सूचना मोठ्या वेबसाइटींपुरत्या नाहीत. जाहिरात करणारा आणि विकणारा दोघंही त्यात येतात. घरून वीस साड्या विकणारीने ‘आपल्याला कोण बघतंय’ म्हणून त्या बाजूला ठेवायचं कारण नाही.

इशारा: ‘३० जणी आत्ता बघत आहेत’, ‘धडाधड ऑर्डरी येतायत’ ही वाक्यं आकडा मोजल्याशिवाय लिहूच नका. सेल सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवलेल्या कॅप्शनमध्ये तर ती खरी असूच शकत नाहीत.

## ३. शेवटची वेळ ठरवा, आणि त्या वेळी नेमकं काय संपतं तेही

वेळेत चार गोष्टी लागतात: वार, तारीख, घड्याळातली वेळ आणि त्या वेळेला काय बंद होतं. पहिल्या तीन काहीजणी लिहितात. चौथी जवळजवळ कुणीच नाही.

आधी वार आणि तारीख. इन्स्टाग्राम पोस्ट टाकल्याच्या क्रमाने दाखवत नाही. शनिवारी टाकलेली पोस्ट कुणाला सोमवारी सकाळी दिसते. तिच्यासाठी ‘आज’ म्हणजे सोमवार. व्हॉट्सअॅपवर तर मेसेज फॉरवर्ड होऊन नणंदेच्या मैत्रिणीपर्यंत जातो, कधी महिन्याने. फॉरवर्ड झालेला मेसेज तुमच्या हातात राहत नाही. म्हणून ‘आज’, ‘उद्या’, ‘२४ तास’, ‘या वीकेंडला’ हे शब्द कॅप्शनमधून काढून टाका आणि जागी ‘शनिवार, २२ ऑगस्ट २०२६’ लिहा. वर्षही लिहा. जुना मेसेज पुढच्या वर्षी फिरतो, हे मी पाहिलंय.

मग घड्याळ. ‘रात्री १२ पर्यंत’ ही वेळ घेऊच नका. ‘शनिवारी रात्री १२’ म्हणजे शुक्रवार संपून शनिवार लागतो ते १२, की शनिवार संपतो ते? मी स्वतः एकदा असं लिहिलं होतं. मला शनिवार संपतो ते १२ म्हणायचं होतं. नागपूरच्या एका ताईंनी शुक्रवारी रात्री पावणेबाराला घाईघाईने दुसऱ्याच रंगाची ऑर्डर दिली, कारण त्यांना वाटलं पंधरा मिनिटंच उरलीत. हवा तो रंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याकडे होता. त्यांनी रागावून नाही, साधेपणानेच विचारलं, आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी रात्री ९ ही वेळ धरते. त्यात गोंधळ होत नाही आणि ९ ला तुम्ही जागे असता, सेल बंद करायला.

गिऱ्हाइकं परदेशात असतील तर ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द जोडा. आपले रात्रीचे ९ म्हणजे दुबईत संध्याकाळचे साडेसात. तिथली बाई ‘९ पर्यंत’ वाचून निवांत बसली तर दीड तास आधीच सेल हुकलेला असतो.

आता चौथी गोष्ट. ९ ला काय बंद होतं? मेसेज येणं, की पैसे पोचणं? ८:५८ ला कुणी ‘मला जांभळी हवी’ लिहिलं आणि यूपीआयचे पैसे ९:०६ ला आले, तर ती ऑर्डर सेलमधली की नाही? हे तुम्ही आधी ठरवलं नसेल तर त्या क्षणी मूड बघून ठरवाल, आणि दुसऱ्या कुणाला वेगळं उत्तर द्याल. मी वापरते तो नियम असा: ९ च्या आत आलेला मेसेज चालतो, आणि आमच्याकडून ‘साडी आहे’ असं उत्तर गेल्यावर २० मिनिटांत पैसे यायला हवेत. तोवर साडी तिच्यासाठी बाजूला. २० मिनिटांत पैसे नाहीत तर रांगेतल्या पुढच्या मेसेजला. सगळ्यांना तोच नियम, मावशीलासुद्धा.

इशारा: वाढवायचा सेल असेल तर शेवटची वेळ लिहू नका. ‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ असं एकदा केलंत की ९ वाजायच्या आत धावपळ करून घेणाऱ्या बायकांना कळतं की ती वेळ खरी नव्हती. पुढच्या वेळी त्या थांबून बघतात. शेवटची वेळ आली की भाव परत १,८५०, मग दहा साड्या उरल्या तरी.

## ४. भाव: खोडलेला आकडा खरा हवा

हा टप्पा लहान आहे. १,८५० खोडून १,४८० लिहायचं तर त्याआधी तुम्ही तीच साडी खरोखर १,८५० ला विकत असायला हवं. सेलसाठी आदल्या दिवशी २,४०० लिहून मग खोडणं हे सरळ खोटं आहे, आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे जुने मेसेज असतात.

‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यातला ‘पर्यंत’ तपासा. २८ पैकी एकाच साडीवर ५० टक्के आणि बाकीच्यांवर १० असतील तर ते वाक्य लिहू नका. आपल्या उदाहरणात सगळ्यांवर सारखीच २० टक्के सूट आहे, म्हणून सरळ दोन्ही आकडे लिहिले की काम झालं. टक्केवारीचीही गरज नाही.

कुरिअरचा खर्च कॅप्शनमध्येच. शेवटच्या मेसेजला ‘ताई, ८० कुरिअरचे वेगळे’ असं सांगणं घाईच्या सेलमध्ये जास्त टोचतं, कारण तोवर तिने मन बनवलेलं असतं.

## ५. आता कॅप्शन

आधी एक कॅप्शन बघू, जे थोड्याफार फरकाने माझ्याकडे तपासायला येतं:

> फ्लॅश सेल! फक्त आजच! इरकल साड्यांवर धमाकेदार सूट. फक्त काहीच साड्या शिल्लक, त्वरा करा! हा भाव पुन्हा मिळणार नाही. स्टॉक असेपर्यंत. किमतीसाठी मेसेज करा.

यात वाचणारीला हवी असलेली एकही गोष्ट नाही. किती साड्या, कुठल्या रंगाच्या, कितीला, कधीपर्यंत: चारही प्रश्न उघडे. ‘हा भाव पुन्हा मिळणार नाही’ हे तर तुम्हालाही माहीत नाही, दिवाळीत कदाचित यापेक्षा कमी लावाल. ‘स्टॉक असेपर्यंत’ आणि ‘फक्त आजच’ ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात: साड्या रात्रीपर्यंत उरल्या तर सेल उद्या चालू की बंद?

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ‘शिल्लक’ या शब्दात आहे. कॅप्शन एकदा लिहिलं जातं आणि दिवसभर वाचलं जातं. सकाळी १० ला ‘२८ शिल्लक’ खरं असेल, पहिली ऑर्डर आली की ते खोटं झालं. ‘सेलसाठी २८ ठेवल्या आहेत’ मात्र सकाळीही खरं, रात्रीही खरं, पुढच्या महिन्यात वाचलं तरी खरं, कारण ते सुरुवातीचा आकडा सांगतं. कॅप्शनमधल्या प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावा: हे सहा तासांनी वाचलं तर खरं राहील का? न राहणारं वाक्य एकतर बदला, नाहीतर त्याला वेळ जोडा: ‘दुपारी ४ वाजता जांभळ्या २ होत्या.’

आता त्याच सेलचं दुसरं कॅप्शन:

> इरकल साडी १,४८० रु. (नेहमीचा भाव १,८५०). शनिवार, २२ ऑगस्ट २०२६, सकाळी १० ते रात्री ९, भारतीय वेळ.
>
> या सेलसाठी २८ साड्या ठेवल्या आहेत: हिरव्या ९, डाळिंबी ८, जांभळ्या ७, मोरपंखी ४. रंग संपला की इथेच लिहू. सगळ्या आधी संपल्या तर सेल ९ च्या आधी बंद होईल. उरल्या तर ९ नंतर भाव पुन्हा १,८५०.
>
> ऑर्डरसाठी रंग आणि पिनकोड मेसेज करा. ‘साडी आहे’ असं उत्तर आल्यावरच पैसे पाठवा. उत्तर आल्यापासून २० मिनिटं साडी तुमच्यासाठी राखून ठेवू. रात्री ९ च्या आत आलेले मेसेज धरले जातील.
>
> कुरिअर महाराष्ट्रात ८० रु., बाहेर १२० रु. पार्सल मंगळवार, २५ ऑगस्टपर्यंत निघेल.

पहिल्या ओळीत भाव आणि वेळ का? इन्स्टाग्राम कॅप्शनच्या साधारण पहिल्या दोन ओळीच दाखवतं, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. बऱ्याचजणी लावत नाहीत. त्या दोन ओळींत ‘मैत्रिणींनो, श्रावण सुरू झालाय’ असं गेलं तर शेवटची वेळ आत दडते. श्रावणाबद्दल लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण शेवटी.

दुसऱ्या परिच्छेदात दोन्ही शक्यता सांगितल्या आहेत, माल आधी संपला तर आणि वेळ आधी संपली तर. बहुतेक कॅप्शन्समध्ये एकच असते. रंगांचे आकडेही गरजेचे आहेत. फोटोत समोर मोरपंखी साडी असेल आणि ती चारच असतील, तर ‘२८ साड्या’ वाचून आलेल्या बहुतेकींना तो रंग मिळणार नाही. फोटोत सगळ्यात जास्त असलेला रंग पुढे ठेवा, इथे हिरवा.

‘उत्तर आल्यावरच पैसे पाठवा’ हे वाक्य कॅप्शनमधलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. त्याच्याशिवाय शेवटच्या साडीसाठी तिघी एकदम पैसे पाठवतात आणि तुम्ही दोघींना परत करत बसता.

इशारा: साड्यांची संख्या फोटोवर छापू नका. पोस्ट केल्यावर कॅप्शन एडिट करता येतं, फोटोवरची अक्षरं बदलता येत नाहीत. फोटोवर फक्त भाव, वार, तारीख आणि वेळ. आकडे खाली, जिथे हात पोचतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज तर १५ मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो. त्यामुळे तिथल्या मेसेजमध्ये ‘कुठला रंग संपला ते इन्स्टाग्रामच्या पोस्टवर बघा’ अशी एक ओळ जोडा.

आणि नियम असा की खुलासा त्याच भाषेत, त्याच जागी. दाव्याचं वाक्य मराठीत आणि अटी बारीक इंग्रजीत, हे चालत नाही. फसव्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अटीची भाषा दाव्याचीच असावी असं आहे.

## ६. टाकण्याआधी दहा मिनिटं

कॅप्शन दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, जिला सेलबद्दल काही माहीत नाही. तिला तीनच प्रश्न विचारा: मला हिरवी साडी पुण्यात घरपोच कितीला पडेल? शनिवारी रात्री ९:०५ ला मेसेज केला तर? संध्याकाळी ६ ला सगळ्या संपल्या तर मला कसं कळेल?

उत्तरं १,५६०, ‘तेव्हा भाव १,८५० असेल’ आणि ‘पोस्टवर लिहिलेलं असेल’ अशी न अडखळता आली पाहिजेत. ती थांबली किंवा ‘बहुतेक’ म्हणाली तर ते वाक्य पुन्हा लिहा. तुम्ही स्वतः वाचून उपयोग नाही, तुम्हाला उत्तरं आधीच ठाऊक आहेत.

मग कॅलेंडर उघडून वार आणि तारीख जुळवा. हे मी प्रत्येक वेळी करते आणि तरीही वर्षातून एखाद्या वेळी चुकलेलं सापडतं, कारण जुनं कॅप्शन कॉपी केलेलं असतं.

## ७. सेल चालू असताना

एक वही आणि एकच माणूस. वहीत रंगाचे चार स्तंभ, प्रत्येकात आकडे उलटे लिहिलेले: हिरव्याखाली ९ ते १. ‘साडी आहे’ असं उत्तर दिलं की त्या आकड्याभोवती गोल. पैसे खात्यात दिसले की गोलावर काट. २० मिनिटांत पैसे नाहीत तर गोल खोडा, तो आकडा पुन्हा मोकळा. इन्स्टाग्रामचे मेसेज नवरा बघतोय आणि व्हॉट्सअॅप तुम्ही, असं असेल तरी वही एकच, एका टेबलावर. दोन ठिकाणी दोन हिशेब ठेवले की पाचवी मोरपंखी साडी विकली जाते, जी नाहीच.

काट मारण्याआधी स्क्रीनशॉट नाही, खात्यातली जमा बघा. यूपीआय कधी कधी अडकतं, समोरच्या बाईला पैसे गेल्यासारखे दिसतात आणि तुमच्याकडे आलेले नसतात. अशा वेळी तिला तसं स्पष्ट सांगा आणि आणखी दहा मिनिटं साडी धरून ठेवा. यात तिची चूक नसते.

रंग संपला की लगेच कॅप्शन एडिट करा. उदाहरणातल्या सेलमध्ये जांभळ्या साड्या दुपारी साडेचारला संपल्या असं धरा. पहिल्या ओळीच्या वर एवढंच घाला: ‘जांभळ्या संपल्या (शनिवार, दुपारी ४:३०).’ स्टोरी टाकली असेल तर तिथेही. लगेच म्हणजे पाच-दहा मिनिटांत. तासाभराने केलं तर तेवढा तास कॅप्शन खोटं बोलत होतं.

मध्यंतरी आठवणीची पोस्ट टाकायची असेल तर त्यात मोजलेला आकडा आणि मोजल्याची वेळ लिहा: ‘संध्याकाळी ६ वाजता हिरव्या ३, डाळिंबी ५, मोरपंखी १.’ यापेक्षा जास्त घाई लावायची गरज नसते. ‘मोरपंखी १’ वाचून जिला हवी ती मेसेज करतेच.

इशारा: राखीव तीन साड्यांना मध्येच हात लावू नका. ‘मागणी बघून अजून ३ आणल्या’ हे वाक्य मला एका कॅप्शनमध्ये सापडलं होतं. साड्या त्याच कपाटात होत्या.

## ८. नऊ वाजले

८:५० ला टेबलाशी बसा. ९ ला कॅप्शनची पहिली ओळ बदला: ‘सेल संपला (शनिवार, २२ ऑगस्ट, रात्री ९). आता भाव १,८५०.’ पोस्ट पुसू नका. उद्या येऊन बघणारीला ती दिसली आणि ‘संपला’ कळलं तर काही बिघडत नाही. पोस्टच गायब झाली तर तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि मग ती तुम्हाला मेसेज करते.

स्टोरी आणि व्हॉट्सअॅपचं स्टेटस मात्र हाताने काढा. दोन्ही २४ तास राहतात. सकाळी १० ला टाकलेलं स्टेटस रविवारी सकाळी १० पर्यंत ‘सेल चालू’ असं सांगत राहतं, म्हणजे सेल बंद झाल्यावर तब्बल १३ तास. ही चूक इतकी नेहमीची आहे की मी आता सेलच्या दिवशी ९ चा गजर लावते, त्याचं नावच ‘स्टेटस काढ’ असं आहे.

९ च्या आत आलेले पण उत्तर न दिलेले मेसेज क्रमाने घ्या आणि नियम पाळा. ९:०३ चा मेसेज असेल तर नम्रपणे १,८५० सांगा. ‘ताई, तीनच मिनिटं उशीर झाला हो’ असं येणारच. ज्या बाईने ८:५५ ला पैसे नव्हते म्हणून मोरपंखी सोडली, तिला तुम्ही नाही म्हणालात. तिचा विचार करा आणि तोच नियम लावा.

साडी जास्त विकली गेली, म्हणजे पैसे आले आणि साडी नाही, असं झालं तर त्याच रात्री फोन करा. मेसेज नाही, फोन. ‘आमच्या मोजण्यात चूक झाली, तुमचे पूर्ण पैसे आत्ता परत पाठवते’ एवढंच बोला आणि फोनवर असतानाच पाठवा. दुसरा रंग घ्या म्हणून आग्रह करू नका. तिने विचारलं तरच दाखवा, तेही १,४८० लाच, ९ वाजून गेले असले तरी, कारण चूक तुमची आहे.

मग उरलेल्या मोजा. उदाहरणात २८ पैकी २३ गेल्या असतील तर ५ उरल्या: डाळिंबी ३, हिरव्या २. राखीव ३ धरून कपाटात विकण्याजोग्या ८. रविवारी उरलेल्या ५ साड्या १,८५० लाच लावायच्या. पार्सलं पोचून बदलून द्यायचा प्रश्न मिटेपर्यंत राखीव तीन मात्र बाजूलाच. वहीचं ते पान फाडू नका, त्यावर तारीख घालून ठेवा. पुढच्या सेलला जांभळ्या किती ठेवायच्या, ते त्यातच आहे.